रक्तात खडे नसतात, मग डासाच्या मध्यांत्रात पटल कशासाठी?

चाफेकळी_पार्ले

नमस्कार. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात कीटकांची पचनसंस्था शिकवताना एका विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला की तो मला इथे मांडावासा वाटला.

कीटकाच्या अन्ननलिकेचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग असतात. अग्रांत्र आणि पश्चांत्र हे बाहेरच्या त्वचेचेच आत वळलेले भाग असल्यामुळे त्यांना आतून क्यूटिकलचे अस्तर असते आणि कात टाकताना तेही निघून जाते. मध्यांत्राला असे अस्तर नसते. तिथल्या पेशी अन्नासमोर उघड्याच असतात, आणि त्यांचे रक्षण व्हावे म्हणून अन्नाभोवती पेरिट्रॉफिक पटल तयार होते, असे आपण शिकवतो. पाने कुरतडणाऱ्या अळीच्या किंवा टोळाच्या बाबतीत हे सहज पटते, कारण खरखरीत तुकड्यांनी पेशी घासल्या जाऊ शकतात.

विद्यार्थिनीचे म्हणणे असे होते की रक्तात घासणारे काहीच नसते, तरीही मादी डास हे पटल तयार करते. झाडाचा रसही तितकाच मऊ असतो, पण मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांच्यात ते नसते. म्हणजे घासण्यापासून रक्षण हे कारण अपुरे आहे का? मी तिला पुढच्या तासाला उत्तर देण्याचे कबूल केले आहे. जाणकारांनी मदत करावी.

पावटा_घाटकोपर

मॅडम, आम्ही आयुष्यभर डास मारण्यातच धन्यता मानली. त्याच्या पोटाचीही इतकी बडदास्त ठेवलेली असते हे आजच कळले. वाचत आहे.

सायन_सर्कल

याचे उत्तर मला ठाऊक आहे. रक्तातले हिमोग्लोबिन पचले की हीम सुटते आणि ते पेशींना घातक असते. पटल त्याला धरून ठेवते. शिवाय मलेरियाचा परजीवी या पटलामुळेच अडतो, म्हणूनच चावणारा प्रत्येक डास मलेरिया पसरवत नाही. याचा पुरावा घरीच मिळतो. रात्री भिंतीवर मारलेल्या डासाचे रक्त लाल असते आणि पसरते, तर सकाळी कपाटामागे सापडलेल्या फुगीर डासाच्या पोटातून काळपट, घट्ट गोळा निघतो. तो काळा रंग त्या पटलाचा असतो.

सूक्ष्मदर्शी

चाफेकळीताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. निवृत्तीपूर्वी मी बरीच वर्षे डासांची शवविच्छेदने करण्यात घालवली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी सायन_सर्कल यांच्या प्रतिसादाबद्दल. हीमचा मुद्दा बरोबर आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ताय डासाच्या पटलावर हीम मोठ्या प्रमाणात बांधले जाते आणि पटलातली काही प्रथिनेच हीमला पकडतात, हे दाखवले गेले आहे. काळ्या रंगाचा मुद्दा मात्र बरोबर नाही. पटल जवळपास पारदर्शक असते. रक्तातले पाणी मादी पहिल्या तासा-दोन तासांतच बाहेर टाकते आणि उरलेले रक्त घट्ट होते. हिमोग्लोबिन पचू लागले की रंग तपकिरी-काळा होतो. मलेरियाबद्दल खाली लिहिते, कारण तिथे गुंतागुंत आहे.

आता मूळ प्रश्न. डासाच्या मादीत हे पटल कायमचे नसते आणि ते कधी तयार होते यातच उत्तराचा मोठा भाग आहे. मादी फुलातला मधुरस पिते तेव्हा तो बहुतांशी अग्रांत्राला जोडलेल्या पिशवीत जातो आणि तिथून थोडाथोडा मध्यांत्रात सोडला जातो. रक्त मात्र थेट मध्यांत्रात जाते आणि त्याचा मागचा भाग काही मिनिटांत फुग्यासारखा ताणला जातो. या ताणामुळेच तिथल्या पेशी क्यूटिकलमध्येही असणारे कायटिन आणि प्रथिने स्रवू लागतात. रक्त नसलेल्या द्रवाने मध्यांत्र फुगवले तरी पटल तयार होते, हे जुन्या प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे सुरुवातीचा इशारा अन्नाच्या खरखरीतपणाचा नसून ताणाचा असतो.

एडीसमध्ये रक्त प्यायल्यावर ४ ते ८ तासांत हे पटल दिसू लागते आणि २४ तासांच्या सुमारास चांगले जाड होते. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफेलिसमध्ये ते उशिरा, एक ते दोन दिवसांत पुरे होते. दोन-तीन दिवसांत रक्त पचून अंडी पक्व झाली की पटलाचे अवशेष विष्ठेबरोबर पश्चांत्रातून बाहेर पडतात. पुढच्या वेळी रक्त प्यायले की सगळे पुन्हा नव्याने होते.

हे अळीशी ताडून पाहा. डासाच्या अळीत मध्यांत्राच्या अगदी सुरुवातीला असलेल्या पेशींचे एक कडे अखंड नळी विणत असते आणि ती नळी अन्नाबरोबर मागे सरकत जाते. अळी गाळ आणि शेवाळ सतत खाते, म्हणून नळीही सतत लागते. एकाच कीटकाची अळी आणि मादी हे पटल दोन वेगळ्या रीतींनी तयार करतात, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

जास्वंदी_गोरेगाव

मी शास्त्राची नाही, पण रस पिणाऱ्या किडींचा विषय निघाला म्हणून विचारते. माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण इतका झाला आहे की देठ पांढरे दिसतात, पाने चिकट झाली आहेत आणि त्यावर काळी बुरशी धरली आहे. एका रोपवाटिकेतून जैविक म्हणून बीटी पावडर दिली. ती किडीच्या आतड्यावर काम करते असे सांगितले होते. दोनदा फवारूनही काही फरक नाही. या किडीला तुम्ही म्हणता ते पटल नसते, म्हणून औषध लागू पडत नाही का?

तुडतुड्या_ठाणे

जास्वंदीताई, इथे कारण पटलाच्याही आधीचे आहे. बीटी हा एक जिवाणू आहे आणि त्याचे स्फटिक कीटकाने गिळावे लागतात. अळी पान खाते, त्याबरोबर पानावरची पावडरही तिच्या पोटात जाते. तिथे स्फटिक विरघळतो, विषारी प्रथिन पटलातून पलीकडे जाते आणि मध्यांत्राच्या पेशींना भोके पाडते. पिठ्या ढेकूण पानाच्या पृष्ठभागावरचे काहीच खात नाही. तो सोंड थेट झाडाच्या रसवाहिनीत खुपसतो, त्यामुळे तुमची पावडर त्याच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाही. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात देठ घासून काढा, नंतर कडुनिंबाचे तेल फवारा आणि कुंडीवर चढणाऱ्या मुंग्या रोखा, कारण त्या चिकट रसासाठी मुंग्याच या किडीची राखण करतात.

त्या चिकट रसातच चाफेकळी मॅडमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग दडला आहे. मी नोकरीपुरता ठाण्यात असलो तरी आमची आंब्याची बाग देवगडच्या बाजूला आहे आणि मोहोरावरचा तुडतुडा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मोहोर लागल्यावर बागेत उभे राहिले तर अंगावर बारीक तुषार पडतात. ते या किडीने टाकलेले साखरेचे पाणी असते. रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्ले अगदी थोडी असतात, त्यामुळे पुरेशी अमिनो आम्ले मिळवायची तर रस भरमसाट प्यावा लागतो आणि नको असलेले पाणी व साखर बाहेर टाकावी लागते.

तुडतुडे आणि त्यांचे भाऊबंद यांच्यात मध्यांत्राचा सुरुवातीचा भाग मागे वळून मागच्या टोकाला चिकटलेला असतो आणि पातळ भिंतींमधून पाणी सरळ पलीकडे, पश्चांत्राच्या दिशेने निघून जाते. मधल्या लांब वळणात जातो तो आटलेला रस. माव्यात बहुधा अशी सोय नसते. तो साखरेचे रेणू एकमेकांना जोडून मोठे करतो, म्हणजे रसाचे परासरणी बळ कमी होते आणि तो माव्याच्या स्वतःच्या शरीरातले पाणी ओढून घेत नाही.

या सगळ्या गटाच्या मध्यांत्रात कायटिनचे पटल नसते. त्याऐवजी पेशींच्या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांवर स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचे दुसरे पातळ आवरण चढवलेले असते आणि ते पोकळीत पुढे लांबलेले असते. उंचवटा आणि आवरण यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत अमिनो आम्ले ओढून घेतली जातात. विरळ अन्नातून ती वेचण्यासाठी ही रचना सोयीची ठरते, असा विचार ब्राझीलचे वॉल्टर टेरा यांनी मांडला आहे.

पावटा_घाटकोपर

म्हणजे आमच्या सोसायटीतल्या आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीची काच दर फाल्गुनात चिकट होते, ती किडीच्या पश्चांत्राची कृपा. वॉचमनला उगाच बोललो.

चाफेकळी_पार्ले

तुडतुड्या आणि सूक्ष्मदर्शी, दोघांचेही आभार. पण यातून एक नवी अडचण उभी राहते. रस पिणाऱ्यांना विरळ अन्नासाठी वेगळी रचना हवी आणि रक्त पिणाऱ्यांना हीमसाठी पटल हवे, असे म्हणावे, तर खाटेतल्या ढेकणाचे काय? तो निव्वळ रक्तावर जगतो, हीम त्यालाही सोसावे लागते, तरी माझ्या माहितीप्रमाणे त्याच्यात कायटिनचे पटल नसते.

सूक्ष्मदर्शी

ढेकूण हेच या चर्चेतले सर्वांत उपयोगी उदाहरण आहे. तो रक्त पीत असला तरी कुळाने मावा-तुडतुड्यांच्या गणातला आहे. त्याच्या पूर्वजांच्या वंशात कायटिनचे पटल आधीच गेलेले होते आणि स्निग्ध आवरण आलेले होते. रक्तावर गुजराण सुरू झाल्यावर पटल परत आले नाही, जुन्याच सामग्रीवर काम भागवले गेले. पचनही त्याच धाटणीचे आहे. डास मुख्यतः ट्रिप्सिनने, अल्कधर्मी माध्यमात आणि दोन-तीन दिवसांत रक्त पचवतो. ढेकूण रक्त मध्यांत्राच्या रुंद पुढच्या भागात साठवतो, थोडेथोडे मागे सोडतो आणि आम्लधर्मी माध्यमात काम करणाऱ्या कॅथेप्सिन या विकरांनी सावकाश पचवतो. हीमचा लोंढा एकदम येत नाही. त्याच गणातल्या दक्षिण अमेरिकेतल्या र्‍होडनियस या रक्तपिपासू कीटकात हे स्निग्ध आवरणच हीमचे स्फटिक बनवून ते निरुपद्रवी करते, हे दाखवले गेले आहे.

म्हणून पटल असणे-नसणे अन्नावरून जितके ठरते त्याहून जास्त कुळावरून ठरते, असे माझे मत आहे. विद्यार्थिनीला रक्त आणि रस अशी तुलना करण्याऐवजी डास, ढेकूण आणि मावा अशी तिहेरी तुलना करायला सांगा. ढेकणाचे अन्न डासासारखे आणि आतडे माव्यासारखे आहे, हे तिच्या लगेच लक्षात येईल.

सायन_सर्कल

रंगाबद्दलचे मान्य आहे. पण मलेरियाबद्दल तुम्ही काही लिहिले नाहीत. पटल परजीवीला अडवते हे तर सर्वत्र वाचायला मिळते.

सूक्ष्मदर्शी

अडवते, पण पुरते नाही. रक्ताबरोबर गेलेल्या परजीवीचे मध्यांत्रात मीलन होते आणि साधारण एका दिवसात त्याची सरपटणारी अवस्था तयार होते. तिला आधी पटल आणि मग पेशींचा थर ओलांडून बाहेरच्या बाजूला जायचे असते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर ज्या रंगकणयुक्त पेशी दिसल्या, तो याच प्रवासाचा पुढचा मुक्काम होता.

पटल फोडण्यासाठी परजीवी कायटिनेज हे विकर स्रवतो. काही जातींत ते निष्क्रिय रूपात बाहेर पडते आणि डासाचेच ट्रिप्सिन त्याला कार्यक्षम करते, म्हणजे डासाचे पचन परजीवीच्या हाती हत्यार देते. रक्तात कायटिनेज रोखणारे रसायन मिसळून दिल्यावर परजीवी पटलाच्या आतच अडकून पडतो, हे १९९३ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसले. तरीही उंदरांच्या मलेरियात या विकराचे जनुक काढून टाकल्यावर संसर्ग खूप घटला, थांबला नाही. बहुधा अ‍ॅनोफेलिसचे पटल पुरे होण्याआधीच काही परजीवी निसटतात. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्साय मलेरिया पसरवू शकतो, त्याअर्थी ही तटबंदी अभेद्य नाही. चावणारा प्रत्येक डास मलेरिया पसरवत नाही याची साधी कारणे वेगळी आहेत. डास त्या जातीचा असावा लागतो, त्याने बाधित माणसाचे रक्त प्यायलेले असावे लागते आणि परजीवी लाळग्रंथींत पोहोचेपर्यंत दीड-दोन आठवडे जगावे लागते.

डेंग्यूचा विषाणू तर पहिल्या काही तासांतच पेशींत शिरतो. पटल तयार होईपर्यंत तो पलीकडे गेलेला असतो.

प्रयोगवही

मी सध्या या विषयाच्या जवळपास संशोधन करतो. सूक्ष्मदर्शी बाईंच्या मांडणीत एका ठिकाणी मला वेगळे म्हणायचे आहे. ताणामुळे पटल तयार होते हे एडीससाठी ठीक आहे. अ‍ॅनोफेलिसमध्ये प्रतिजैविके देऊन आतड्यातले जिवाणू मारले तर रक्त पिऊनही पटल नीट तयार होत नाही, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. रक्त प्यायल्यावर आतड्यातले जिवाणू कैक पटींनी वाढतात. त्या कामात पटल नसलेल्या डासांत जिवाणू मध्यांत्राच्या पलीकडे शरीरात पसरण्याचा धोका वाढलेला दिसला. म्हणून हीमपेक्षा जिवाणूंना रक्ताच्या गोळ्यात कोंडून ठेवणे, हे मी पहिले कारण मानेन.

दुसरे असे की पटलामुळे पचन सुधारते, असे पुस्तकांत बिनधास्त छापलेले असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कायटिनेज मिसळून पटल होऊ दिले नाही, तेव्हा एडीस आणि अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्साय या दोन्हींत रक्तातली प्रथिने अधिक वेगाने पचली. म्हणजे पटल पचनाचा वेग कमी करते. मादी ही किंमत मोजते, त्याअर्थी बदल्यात तिला काहीतरी मोठे मिळत असले पाहिजे.

तुडतुड्या_ठाणे

वेग कमी होणारच. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि चक्का आत राहतो, तसेच हे असावे; विकरांना फडक्यातून आत जावे लागते आणि तयार झालेले अन्न फडक्यातून बाहेर यावे लागते.

सूक्ष्मदर्शी

उपमा चांगली आहे, पण या फडक्याची छिद्रे काही नॅनोमीटरची असतात. जिवाणू आणि तांबड्या पेशी त्यातून जाऊच शकत नाहीत, ट्रिप्सिनसारखी विकरे जातात.

प्रयोगवही, अ‍ॅनोफेलिसमधला जिवाणूंचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो एडीसलाही तसाच लागू करण्याइतका पुरावा मला दिसत नाही. ताण आणि जिवाणू हे दोन्ही इशारे एकत्र काम करत असतील. पटल कशामुळे सुरू होते आणि ते कशासाठी टिकून राहिले, हे दोन प्रश्नही वेगळे ठेवायला हवेत.

चाफेकळी_पार्ले

विद्यार्थिनीला मी दोन्ही बाजू सांगेन. आता व्यावहारिक प्रश्न. आमच्या प्रयोगशाळेत साधा विच्छेदन सूक्ष्मदर्शक आहे. मुलांना हे पटल प्रत्यक्ष दाखवता येईल का? एका सहकाऱ्यांनी रक्त प्यायलेले डास अल्कोहोलमध्ये ठेवून दाखवण्याचे सुचवले आहे.

सूक्ष्मदर्शी

अल्कोहोल नको. त्यात रक्तातली प्रथिने गोठतात आणि पटल असो वा नसो, गोळा आकार धरून बाहेर येतो. सहा तासांचा डासही मग चोवीस तासांच्या डासासारखा दिसतो आणि मुले नसलेले पटल पाहून वहीत काढतात. ताजेच विच्छेदन करा. भिंतीवरचे डास वापरू नका, कारण त्यांनी कुणाचे रक्त प्यायले आहे हे कळत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेले, कृत्रिम पडद्यातून रक्त पाजलेले एडीस एखाद्या संस्थेकडून मागवा.

मादीला काही मिनिटे फ्रीझरमध्ये निपचित होऊ द्या आणि सलाइनच्या थेंबात ठेवा. एका सुईने छाती धरा, पोटाच्या टोकाकडच्या दोन खंडांना बाजूने हलकी चीर द्या आणि दुसऱ्या सुईने ते टोक सावकाश ओढा. आधी पश्चांत्र येते, मग पाच माल्पिघी नलिकांचा झुबका दिसतो, म्हणजे मध्यांत्र तिथे संपले. त्यामागून फुगलेले मध्यांत्र येते. नलिकांचा झुबका ओळखू येण्याआधी घाईने ओढले तर मध्यांत्र फाटते आणि सगळे लाल होऊन जाते.

मग दोन सुयांनी मध्यांत्राची भिंत फाडा. रक्त पिऊन दोन तास झालेल्या डासात रक्त सलाइनमध्ये धुरासारखे पसरते. चोवीस तासांच्या डासात काळपट गोळा अख्खाच्या अख्खा घरंगळतो, आणि सुईने त्याला हलके टोचले की कडेला चकाकणारे, सुरकुतणारे पारदर्शक आवरण दिसते. पेशींची भिंत ओलसर व जाड असते आणि तिचे तुकडे पडतात. पटल कागदासारखे दुमडते. नुसते साखरपाणी दिलेली मादी तुलनेसाठी ठेवाच.

प्रयोगवही

एक भर घालतो. घट्ट झालेले रक्त स्वतःच थोडाफार आकार धरते, म्हणून नुसत्या दिसण्यावर विसंबू नका. जवळपास कुठे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक असेल तर कॅल्कोफ्लोर हे रंगद्रव्य वापरा. ते कायटिनला चिकटते आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकते. मात्र अग्रांत्राचे आणि पश्चांत्राचे क्यूटिकलही कायटिनचेच असल्यामुळे तेही चमकेल. त्यामुळे चमक मध्यांत्रातच आहे ना, हे माल्पिघी नलिकांच्या झुबक्यावरून ठरवा.

जास्वंदी_गोरेगाव

साबणाच्या पाण्याने देठ घासले. पिठ्या बराच गेला, मुंग्या मात्र दुसऱ्या कुंडीकडे वळल्या आहेत. तिथेही पिठ्या येईल का?

तुडतुड्या_ठाणे

मुंग्या तिकडे गेल्या म्हणजे तिथे बहुधा आधीच आला आहे. पानांच्या बेचक्यात आणि कुंडीच्या काठाखाली पाहा.

चाफेकळी_पार्ले

अल्कोहोलचा बेत रद्द केला आहे. दोन तास, बारा तास आणि चोवीस तास अशा तीन वेळा ठेवायच्या म्हणते आणि सोबत एक ढेकूणही फाडावा अशी विद्यार्थिनीची इच्छा आहे. तिच्या मते त्याच्या मध्यांत्रात कॅल्कोफ्लोर चमकू नये. ढेकूण कुठून आणायचे, हे मात्र मुलांना विचारायचे धाडस होत नाही.

पावटा_घाटकोपर

मॅडम, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीला विचारा. गेल्या सर्वसाधारण सभेत त्यांनी इमारतीत एकही ढेकूण नाही असे लेखी दिले आहे, त्यामुळे भरपूर मिळतील.